एकच हुंडी, तीन दर

अमेरिकेचं अर्थखातं जवळजवळ दर आठवड्याला अल्प मुदतीच्या ट्रेझरी बिलांचा, म्हणजे टी-बिलांचा, लिलाव करतं. निकालाच्या पानावर एकाच बिलासमोर दोन वेगवेगळे दर छापलेले असतात. एक 'हाय रेट', दुसरा 'इन्व्हेस्टमेंट रेट', आणि दुसरा नेहमी पहिल्यापेक्षा मोठा. हेच बिल बाजारात विकणाऱ्या डीलरला विचारलं तर तो या दोहोंच्या मधला तिसरा आकडाही सांगू शकतो. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणारी, बचतीचे पैसे टी-बिलात ठेवणारी मराठी माणसंही हे पान उघडतात. यातला आपला दर कोणता, हा तिथे पडणारा पहिला प्रश्न असतो.

उत्तर असं की तिन्ही दर बरोबर आहेत आणि तिन्ही एकाच रकमेचं वर्णन करतात. बिल घेताना किती डॉलर द्यायचे आणि मुदत संपल्यावर किती मिळायचे, हे दोन आकडे ठरलेले असतात. त्या दोन आकड्यांवरून वार्षिक टक्का काढायच्या तीन रीती आहेत आणि प्रत्येक रीत वेगळ्या माणसाच्या सोयीसाठी रूढ झाली. कोणती रीत कशासाठी, हे ठाऊक नसेल तर दोन बिलांची, किंवा बिल आणि बाँडची, तुलना करताना चुकीचा पर्याय निवडला जातो. तो कसा, ते प्रत्यक्ष हिशोब मांडूनच समजतं.

टी-बिलावर वेगळं व्याज मिळत नाही. ते दर्शनी किमतीपेक्षा कमी पैशांत विकलं जातं आणि मुदत संपली की सरकार पूर्ण दर्शनी किंमत देतं. मधला फरक हीच कमाई. अमेरिकी सरकारने १९२९ च्या डिसेंबरात या बिलांचा पहिला लिलाव केला. आज तिथे चार आठवड्यांपासून बावन्न आठवड्यांपर्यंतच्या मुदतीची बिलं मिळतात.

समजा १८२ दिवसांच्या, म्हणजे सव्वीस आठवड्यांच्या, बिलाचा लिलाव ५ टक्के दराने सुटला. आपल्याला दहा हजार डॉलर दर्शनी किमतीचं बिल हवं आहे, तर किती पैसे भरायचे? इथे वापरला जाणारा दर म्हणजे डिस्काउंट यील्ड. त्याचा हिशोब दर्शनी किमतीवर होतो आणि त्यात वर्ष ३६० दिवसांचं धरतात. दहा हजारांचे ५ टक्के पाचशे. पाचशेला १८२ ने गुणून ३६० ने भागलं की २५२.७८ डॉलर येतात. ही झाली सूट. दहा हजारांतून ती वजा केली की बिलाची किंमत ९,७४७.२२ डॉलर. आज एवढे भरायचे आणि सहा महिन्यांनी दहा हजार घ्यायचे.

आता या ५ टक्क्यांकडे नीट पाहू. कमाई २५२.७८ डॉलरची आहे, पण ती दहा हजारांवर झालेली नाही. आपण दहा हजार गुंतवलेच नव्हते, गुंतवले ९,७४७.२२. एखादा सावकार शंभर रुपयांचं कर्ज देताना दहा रुपये व्याज आधीच कापून नव्वदच हातावर ठेवतो आणि तोंडाने मात्र दहा टक्के म्हणतो. नव्वद रुपयांवर दहा रुपये म्हणजे खरा दर अकरा टक्क्यांहून जास्त, हे कर्ज घेणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. टी-बिलात कर्ज घेणारं सरकार आहे आणि देणारे आपण, म्हणून हा फरक आपल्या बाजूने पडतो. डिस्काउंट यील्ड आपली कमाई प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो.

पहिली दुरुस्ती इथूनच सुरू होते. २५२.७८ ला दहा हजारांऐवजी ९,७४७.२२ ने भागायचं आणि वर्ष ३६० दिवसांचंच ठेवायचं. उत्तर येतं ५.१३ टक्के. हा मनी मार्केट यील्ड. पाया बदलला, दिवसांची मोजणी जुनीच राहिली.

दुसरी दुरुस्ती दिवसांची. पैसे वर्षभर राबतात ते ३६५ दिवस. म्हणून तोच भागाकार ३६५ दिवसांच्या वर्षावर नेला की ५.२० टक्के येतात. हा बाँड इक्विव्हॅलंट यील्ड, म्हणजे बाँडशी तुलना करण्याजोगा दर. अर्थखात्याच्या पानावरचा 'इन्व्हेस्टमेंट रेट' तो हाच. बिल जारी झाल्यापासूनच्या वर्षभरात २९ फेब्रुवारी येत असेल, तर ३६५ ऐवजी ३६६ धरतात आणि त्याच किमतीवर दर ५.२० ऐवजी ५.२२ दिसतो. खिशात येणारे पैसे मात्र तेवढेच.

म्हणजे ५.००, ५.१३ आणि ५.२० हे तीन दर एकाच २५२.७८ डॉलरच्या कमाईचे आहेत. पहिल्या दोहोंत फरक पडला तो टक्का कशावर काढला यामुळे, दर्शनी किमतीवर की प्रत्यक्ष भरलेल्या पैशांवर. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक पडला तो वर्ष किती दिवसांचं धरलं यामुळे. सहा महिन्यांपर्यंतच्या बिलांत व्याजदर शून्याच्या वर असेल तोवर हा क्रम बदलत नाही: डिस्काउंट यील्ड सर्वांत लहान, मनी मार्केट यील्ड मधला, बाँड इक्विव्हॅलंट यील्ड सर्वांत मोठा. कुणी दिलेल्या आकड्यांत हा क्रम उलटा दिसला, तर कुठेतरी नाव किंवा हिशोब चुकलेला आहे असं खुशाल समजावं.

डिस्काउंट यील्ड कमाई कमी दाखवतो हे सर्वांना माहीत असताना तो टिकला कसा? तो रूढ झाला तेव्हा बिलांचे सौदे कागद-पेन्सिलीवर आणि छापील कोष्टकांवर चालत. डिस्काउंट दरावरून किंमत काढायला फक्त गुणाकार आणि एक वजाबाकी पुरते. ३६० या संख्येला ३०, ६०, ९०, १२०, १८० या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो. दहा लाख डॉलरच्या नव्वद दिवसांच्या बिलाचा दर एका बेसिस पॉइंटने, म्हणजे ०.०१ टक्क्याने, हलला की किंमत बरोबर २५ डॉलरने हलते. दिवसभर शेकडो सौदे करणाऱ्याला याहून सोपं काय हवं? खऱ्या परताव्याच्या दरात किंमत भागाकाराच्या खाली जाऊन बसते आणि अशी गोल रक्कम हाती लागत नाही. यंत्रं आल्यावर ही अडचण राहिली नाही. पण लिलाव, करार आणि जुन्या नोंदी सगळ्या याच दरात असल्यामुळे बोलीची रीत तीच राहिली. थोडक्यात, डिस्काउंट यील्ड हा किंमत सांगायचा मार्ग आहे. तो परतावा म्हणून वाचला की घोटाळा होतो.

याच रीतीमुळे बाजारातला भाव नवख्या माणसाला उलटा वाटतो. डीलर सहसा दोन दर सांगतो, एक तो ज्या भावाने विकत घेईल तो आणि दुसरा ज्या भावाने विकेल तो. शेअरच्या बाबतीत खरेदीचा आकडा लहान असतो आणि विक्रीचा मोठा. टी-बिलात खरेदीचा दर ५.०२ आणि विक्रीचा ५.०० असा दिसतो. यात चूक काही नाही. दर मोठा म्हणजे सूट मोठी आणि किंमत कमी. डीलर इथेही स्वस्तात घेतो आणि महागात विकतो.

मनी मार्केट यील्डची गरज वेगळ्या माणसाला असते. अमेरिकेत बँकांची ठेव प्रमाणपत्रं, रेपोचे सौदे यांसारख्या अल्प मुदतीच्या साधनांवर व्याज मुद्दलाच्या वर मिळतं आणि वर्ष ३६० दिवसांचं धरलं जातं. एखाद्या कंपनीच्या खजिनदाराकडे सहा महिन्यांसाठी पैसे मोकळे आहेत. समोर ५ टक्के डिस्काउंटचं टी-बिल आणि ५.१० टक्क्यांचं बँकेचं प्रमाणपत्र, दोन्हींची मुदत सारखी. वरवर पाहता प्रमाणपत्र सरस. पण बिलाचा दर प्रमाणपत्राच्या मापात आणला की तो ५.१३ होतो. म्हणजे सरकारी हमीचं साधन बँकेच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त देतं आहे. ही तुलना मनी मार्केट यील्डशिवाय दिसतच नाही. आणि मुद्दाम ३६० दिवसच ठेवले आहेत, कारण समोरचं प्रमाणपत्रही त्याच दिवसांवर मोजलं जातं.

बाँड इक्विव्हॅलंट यील्ड लागतो तो सरकारी रोख्यांकडे पाहणाऱ्याला. सहा महिन्यांचं बिल घ्यावं की सहा महिन्यांत परतफेड होणारा जुना रोखा घ्यावा, असा प्रश्न असेल तर दोन्हींचा दर प्रत्यक्ष वर्षाच्या दिवसांवर आणि भरलेल्या पैशांवर हवा. सामान्य गुंतवणूकदाराचा प्रश्न बहुधा हाच असतो. म्हणून स्वतःच्या कमाईचा अंदाज घेताना तिन्हींपैकी हाच दर जवळचा.

तिन्ही दरांमधलं अंतर कायम सारखं नसतं. दुसऱ्या आणि तिसऱ्यातलं अंतर ३६० आणि ३६५ च्या गुणोत्तराएवढं, म्हणजे दराच्या सुमारे १.४ टक्के. दर ५ असेल तर सात बेसिस पॉइंट. पहिल्या आणि दुसऱ्यातलं अंतर मात्र सूट किती मोठी आहे यावर अवलंबून असतं. सूट दोन गोष्टींनी वाढते, दर चढला की आणि मुदत लांबली की. १८२ दिवसांच्या बिलाचा डिस्काउंट यील्ड १ टक्का असेल तर बाँड इक्विव्हॅलंट १.०२ येतो, फरक जाणवतही नाही. तोच डिस्काउंट यील्ड १५ टक्के असेल तर बाँड इक्विव्हॅलंट १६.४६ होतो, म्हणजे जवळजवळ दीड टक्क्याचा फरक. अमेरिकेत १९८१ साली अल्प मुदतीच्या बिलांचे दर पंधरा टक्क्यांच्या वर गेले होते. त्या काळात कोणता दर वाचतो आहोत याला फार मोल होतं.

मुदतीचा परिणाम आणखी फसवा आहे. समजा २८ दिवसांचं बिल ५.०० डिस्काउंटला आहे आणि १८२ दिवसांचं ४.९५ ला. पाहणारा म्हणेल, छोट्या मुदतीचं बिल जास्त देतं. बाँड इक्विव्हॅलंट काढून पाहा. २८ दिवसांचं ५.०९ येतं आणि १८२ दिवसांचं ५.१५. क्रम उलटला. छोट्या बिलात सूट इतकी किरकोळ की भरलेले पैसे आणि दर्शनी किंमत जवळपास सारखीच. लांबच्या बिलात सूट मोठी, म्हणून दुरुस्तीही मोठी. वेगवेगळ्या मुदतींची बिलं डिस्काउंट यील्डवर कधीच तोलू नयेत, ते यासाठी.

आता बावन्न आठवड्यांच्या बिलाकडे येऊ, कारण तिथे आणखी एक पेच आहे. अमेरिकी सरकारी बाँडवर दर सहा महिन्यांनी व्याज मिळतं आणि ते पुन्हा गुंतवता येतं. ३६४ दिवसांच्या बिलात मधे काहीच मिळत नाही, सगळं शेवटी. ५ टक्के डिस्काउंटच्या ३६४ दिवसांच्या बिलाची किंमत दर शंभरामागे ९४.९४ येते. वरच्या साध्या सूत्राने दर काढला तर ५.३४ टक्के. पण बाँडधारकाला सहा महिन्यांनी मिळालेल्या व्याजावरही पुढे व्याज मिळत असल्याने, वर्षाअखेर एवढीच रक्कम हाती यायला बाँडचा दर याहून कमी असला तरी चालतो. म्हणून अर्ध्या वर्षापेक्षा लांब बिलांसाठी अर्थखातं वेगळं सूत्र वापरतं. त्यात सहा महिन्यांनी एकदा चक्रवाढ धरलेली असते. त्या सूत्राने उत्तर येतं ५.२७ टक्के. बाँडशी खरी तुलना या ५.२७ ची.

सहा महिन्यांहून छोट्या बिलांच्या बाबतीत रूढीची मर्यादा उलट्या बाजूला आहे. २८ दिवसांच्या बिलाचे पैसे महिन्याने परत येतात आणि पुन्हा गुंतवता येतात. बाँड इक्विव्हॅलंट यील्ड हा फायदा धरत नाही. धरत नाही यालाही कारण आहे, पुढच्या महिन्यात कोणता दर मिळेल हे आज कुणाच्याच हातात नसतं.

भारतात चित्र बरंच सरळ आहे. आपल्याकडे केंद्र सरकारची ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची ट्रेझरी बिलं रिझर्व्ह बँक दर बुधवारी लिलावात विकते. पूर्वी तसं नव्हतं. जुलै १९७४ पासून पुढे अनेक वर्षं ९१ दिवसांच्या बिलांवर ४.६ टक्के हा ठरीव डिस्काउंट दर होता, बाजाराने दर ठरवण्याचा प्रश्नच नव्हता. ३६४ दिवसांच्या बिलांचे लिलाव १९९२ मध्ये आणि ९१ दिवसांच्या बिलांचे १९९३ मध्ये सुरू झाले. आज रिझर्व्ह बँकेच्या लिलावाच्या निकालात आधी दर शंभर रुपयांमागची किंमत असते आणि तिच्यापुढे त्या किमतीवरून निघणारा वार्षिक दर. हा दर भरलेल्या पैशांवर आणि ३६५ दिवसांवर काढलेला असतो. म्हणजे छोट्या मुदतीसाठी तो अमेरिकेच्या बाँड इक्विव्हॅलंट यील्डसारखाच.

समजा ९१ दिवसांचं बिल ९८.४० रुपयांना सुटलं. कमाई १.६० रुपये. तिला ९८.४० ने भागून ३६५ दिवसांवर नेलं की ६.५२ टक्के. अमेरिकी डिस्काउंट रीतीने हेच बिल ६.३३ टक्क्यांचं दिसलं असतं आणि मनी मार्केट रीतीने ६.४३ चं. भारताच्या आणि अमेरिकेच्या बिलांचे दर एका ओळीत मांडणारा तक्ता पाहताना अमेरिकेचा आकडा कोणत्या रीतीचा आहे हे आधी तपासावं लागतं. आपला दर पूर्ण आणि त्यांचा कमी दाखवणारा असेल, तर दोन देशांतलं अंतर आहे त्यापेक्षा मोठं भासतं.

सामान्य माणसासाठी ही आता केवळ माहिती राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून दहा हजार रुपयांपासून ही बिलं थेट घेता येतात. ९१ दिवसांचं बिल आणि तेवढ्याच मुदतीची बँकेतली ठेव यांची तुलना सोपी आहे. इतक्या छोट्या ठेवीवर बँका बहुतेक सरळ व्याज देतात, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवले तरी चालतं.

३६४ दिवसांच्या बिलात मात्र थांबायला हवं. समजा ते ९४ रुपयांना मिळालं. दहा हजारांच्या बिलाला ९,४०० भरले, वर्षाने दहा हजार आले. जाहीर दर ६.४० टक्के. हा दर सरळ व्याजाचा आहे, त्यात अमेरिकी सूत्रासारखी सहामाहीची दुरुस्ती नाही. आपले सरकारी रोखेही सहामाही व्याज देतात. रोख्याच्या मापात आणलं तर या बिलाचा दर ६.३० येतो. शेजारी वर्षभरात संपणारा सरकारी रोखा ६.३५ ला मिळत असेल, तर नुसते आकडे पाहून बिल सरस ठरेल, प्रत्यक्षात रोखा पाच बेसिस पॉइंटने जास्त देतो. बँकेच्या वर्षाच्या ठेवीवर तिमाही चक्रवाढ मिळते. ६.२५ टक्क्यांच्या ठेवीत ९,४०० रुपये ठेवले तर वर्षाअखेर साधारण दहा हजारच होतात. म्हणजे ६.४० चं बिल, ६.३० चा रोखा आणि ६.२५ ची ठेव तिघेही जवळपास सारखेच पैसे देतात. करांचा हिशोब यात धरलेला नाही, तो प्रत्येकाने आपल्यापुरता वेगळा करावा.

म्हणून कोणताही दर समोर आला की आधी किंमत विचारावी: आज किती द्यायचे, किती दिवसांनी किती मिळायचे. मग दराबद्दल तीन गोष्टी पाहाव्या. टक्का दर्शनी किमतीवर आहे की भरलेल्या पैशांवर, वर्ष ३६० दिवसांचं आहे की ३६५ चं, आणि मधे चक्रवाढ धरली आहे की नाही. तुलनेतल्या दोन्ही बाजूंना या तिन्हींची उत्तरं सारखी असतील तरच आकडे शेजारी ठेवावेत. नसतील तर साध्या कॅल्क्युलेटरवर कमाईला भरलेल्या पैशांनी भागावं आणि ३६५ दिवसांवर न्यावं. मुदत सहा महिन्यांच्या पुढची असेल तर चक्रवाढीचीही दुरुस्ती करावी. वर्षभराच्या बिलासाठी वर्षाअखेरच्या पटीचं वर्गमूळ काढून, त्यातून एक वजा करून, उरलेल्याची दुप्पट केली की पुरेसं अचूक उत्तर मिळतं.